चार तारांची केबल

टक्.

एवढासाच आवाज झाला. भर दुपारची वेळ, लेक भिंगरी आतल्या खोलीत झोपलेली, बाबा आरामखुर्चीत मान टाकून पेंगत होते आणि सगळं घर कसं चिडीचूप होतं. त्या शांततेत केबलचा प्लग गेमच्या कन्सोलच्या खाचेत बसला आणि तो आवाज दार लागावं तसा ऐकू आला. तिने आधी आतल्या खोलीकडे बघितलं, मग बाबांकडे. कोणी हललं नाही. तिने केबलचं दुसरं टोक शेजारच्या नव्या कन्सोलमध्ये बसवलं.

टक्.

ही केबल बाबांनी सकाळी स्वतःच्या हाताने केलेली. ट्रंकेतून वायरचं वेटोळं काढलं, वीतभर जास्तच धरून कापलं आणि दोन्ही टोकांना प्लग दाबले. "विकतची कशाला?" म्हणाले. "घरात लाइनमन असताना विकतची केबल आणली तर चार लोक हसतील." छत्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस. गुडघे गेल्यावर खाली उतरला, पण बोलताना अजून खांबावरूनच बोलायचा.

घराची पुढची खोली म्हणजे तिचं खेळघर. दोन टीव्ही, भिंतीला टेकवलेली दोन बाकडी, आठ उशा आणि दारावर तिने स्वतः रंगवलेली पाटी. कालपर्यंत कन्सोल एकच होता. तासातासाने पोरं यायची, खेळायची, भांडायची, पाणी पिऊन जायची. भिंगरी झाल्यावर नोकरी सुटली, तेव्हा तिने हे सुरू केलं. हमरस्त्यावर मोठं गेम पार्लर होतं, काचेच्या दाराचं आणि थंडगार हवेचं. त्याचा मालक एकदा मुद्दाम येऊन बघून गेला होता. चपलासुद्धा काढल्या नाहीत त्याने. "छान आहे हो घरगुती," म्हणाला. "पाळणाघर पण इथेच का?"

तो शब्द तिला लागला होता. नवा कन्सोल आला त्यामागे तो शब्दही थोडा होताच.

आणि कप्तान होती. कप्तान म्हणजे शाळेच्या फुटबॉल गेमच्या संघाची म्होरकी, आठ मुलींची. दोन वेण्या, दोन्ही कोपरांवर खरचटल्याच्या खुणा आणि तोंडाचा पट्टा एकसारखा चालू. उद्या त्यांचा दुसऱ्या शाळेशी सामना होता आणि आज चार वाजता शेवटचा सराव. एका टीव्हीवर आठ जणी म्हणजे चार जणी नुसत्या नखं खात बसणार. म्हणून तिने कप्तानला शब्द दिला होता, की शुक्रवारी दोन्ही टीव्ही तयार मिळतील.

"नक्की ना ताई?" कप्तानने विचारलं होतं. "नाहीतर आम्ही त्या काचवाल्याकडे जातो. तिकडे सहा आहेत."

"जा की. तिकडे बूट काढा म्हणतात का बघ."

"तिकडे बूट चालतात. पण ओरडलेलं चालत नाही," कप्तान म्हणाली. "न ओरडता गोल कसा करायचा?"

म्हणजे आज चारच्या आत नव्या कन्सोलमध्ये तिन्ही खेळ पाहिजेत, तरच शब्द राहणार होता. नेटवरून परत उतरवायचे म्हटलं तर खेळघरातलं नेट गोगलगायीचं. तिघांचं मिळून एकशेऐंशी जीबी. तिने हिशेब केला होता. जवळजवळ दोन दिवस लागले असते, आणि तेही मध्ये नेट गेलं नाही तर. पण जे खेळ जुन्या कन्सोलमध्ये आधीच उतरवलेले आहेत, ते आकाशातून पुन्हा कशाला मागवायचे? शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पेट्या आणि मध्ये एक केबल. एकीतलं दुसरीत. खातं तिचं एकच, दोन्हीकडे तेच उघडलेलं, त्यामुळे खेळ चालायचीही अडचण नव्हती. दोन्हींचं सॉफ्टवेअर तिने काल संध्याकाळीच नवं करून ठेवलं होतं.

नव्या कन्सोलवर तिने जुन्यातून माहिती घ्यायचा पर्याय निवडला. जुन्याचं बटण सेकंदभर दाबून धरा, अशी सूचना पडद्यावर आली. तिने दाबलं. बीप झालं. बाबांनी पेंगता पेंगताच भुवई उचलली, पुन्हा खाली टाकली. दोन्ही कन्सोलनी एकमेकांना ओळखलं. कोणकोणते खेळ न्यायचे त्याची यादी आली. तिने तिघांवर खूण केली आणि पुढे गेली.

पडद्यावर अंदाज उमटला. चार तास वीस मिनिटं.

तिने घड्याळाकडे बघितलं. एक वाजून पाच मिनिटं. बोटं मोडून बघितलं, मग पुन्हा बघितलं. साडेपाच वाजणार. सुरुवातीला जास्त दाखवतं, मग कमी होत जातं, असं तिने स्वतःला समजावलं आणि सुरू केलं. दहा मिनिटं ती बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. आकडा उतरत होता, पण घड्याळाच्याच चालीने. एक मिनिट जायचं, एक मिनिट कमी व्हायचं.

भिंगरी व्हायच्या आधी ती नेटच्या ऑफिसात तक्रारी घ्यायची. दिवसाला शंभर फोन. त्या खुर्चीत बसून तिला काही गोष्टी पाठ झाल्या होत्या. त्यातली एक आता आपोआप डोक्यात वर आली. वेग बरोबर दहाव्या हिश्शावर अडकलाय असं वाटलं, की केबलच्या सगळ्या तारा लागल्यात का ते आधी बघा.

पण केबल तर बाबांची. आणि घरात एक नियम होता, कोणी सांगितलेला नाही, कोणी मोडलेलाही नाही. बाबांनी केलेला जोड तपासायचा नसतो. तिचा केबलचा टेस्टर खणात पडून होता. ऑफिस सोडताना साहेबांनी भेट दिलेला, दोन डब्यांचा, आठ दिव्यांचा. सकाळी तिने तो काढलासुद्धा नव्हता. काढला असता तर बाबा म्हणाले असते, "वा! आता पोलिस चौकशी?"

तिने केबल न काढता नुसतंच वाकून बघितलं. प्लग पारदर्शक होता. आत केशरी जोडी दिसत होती आणि हिरवी जोडी. चारच तारा. बाकी चारची जागा रिकामी. निळ्या आणि तपकिरी तारा बाबांनी कापूनही टाकल्या नव्हत्या. मागे वळवून केबलच्या सालीखाली नीट दडपून ठेवल्या होत्या, पुढे कधी लागतील म्हणून.

तिला एकदम सगळं समजलं. बाबांच्या काळातली काटकसर ती. एका केबलमधून दोन घरांची सोय व्हायची. चार तारा एका घराला, चार शेजारच्याला. चार तारांत काम भागायचं आणि भागतच होतं, सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वेगाने. हजाराच्या वेगाला मात्र आठही तारा लागतात. एकही कमी चालत नाही. बाबांनी चूक केलीच नव्हती. त्यांनी त्यांच्या काळातलं बिनचूक काम आजच्या कन्सोलला लावलं होतं.

पण सांगणार कोण?

खणात टेस्टरच्याच बाजूला एक तयार केबल होती, राउटरच्या खोक्यातून आलेली, हातभर लांबीची. दोन कन्सोल आणखी जवळ सरकवले की पुरली असती. बाबा पेंगतायत. ही काढायची, ती लावायची, ही सांभाळून गुंडाळून ठेवायची. संध्याकाळी "बाबा, तुमच्या केबलने कमाल केली" असं म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडण्यापेक्षा एवढं खोटं काय वाईट? तिने खण उघडला. थांबवायचं बटण दाबलं, झालेलं थोडंसं काम गेलं तर गेलं. केबलच्या प्लगची जीभ दाबली आणि ओढली.

"आजोबांची वायर का काढलीस?"

भिंगरी दारात उभी होती. गालावर उशीच्या शिवणीची खूण, हातात झोपेतली बाहुली आणि आवाज गावभर जाईल एवढा.

"शू! अगं, आजोबा झोपलेत."

"आजोबा झोपले नाहीयेत," आरामखुर्चीतून बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "आजोबा कधीचे ऐकतायत. काय झालं वायरला?"

तिच्या एका हातात बाबांची केबल, दुसऱ्यात राउटरची. चोरी पकडली गेली म्हणजे काय ते तिला कळलं. लहानपणी गूळ खाताना सापडल्यावर तोंड व्हायचं तसंच झालं असणार, कारण बाबा हसले.

"बोल सुपरवायझर. लाजू नकोस."

"बाबा, चालतेय ती. चांगली चालतेय. पण सावकाश. साडेपाच वाजतील. मुली चारला येणार."

"का सावकाश?"

तिने केबल त्यांच्या हातात दिली. "चार तारा लावल्यात तुम्ही. हिला आठ लागतात."

बाबांनी प्लग डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ.  

"आम्ही कायम चारच लावल्या," ते म्हणाले. "उरलेल्या चार शेजाऱ्याला. एका पावसाळ्यात तर मी एका केबलवर पोस्ट आणि दवाखाना दोन्ही चालवलेत."

"माहितीये बाबा."

"तक्रार एक आली नाही."

"नसणारच."

ते बराच वेळ प्लग फिरवत राहिले. मग त्यांनी राउटरच्या केबलकडे हनुवटी केली. "ती लाव. काम अडता कामा नये. पोरींना शब्द दिलायस."

एवढं म्हणून ते परत मागे टेकले आणि डोळे मिटले. इतक्या सहज की तिला रडू आलं. भांडले असते तर बरं झालं असतं. हात पोटावर ठेवले होते. खांबावरच्या तारांनी बोटांवर पडलेले जुने घट्टे दिसत होते आणि अंगठा मात्र आपला आपणच थरथरत होता, वर्षभरापासून थरथरायचा तसा.

तिने घड्याळ बघितलं. दीड वाजायला आला होता. आठ तारांची केबल झाली तर, पेटीला खेळ साठवायला लागणारा वेळ धरूनही, पाऊण तासात खेळ जातील. म्हणजे सव्वातीनपर्यंत सुरू केलं तरी चालतं. पावणेदोन तास हातात. राउटरची लावली तर दुसऱ्या मिनिटाला सुरू.

तिने राउटरची केबल खणात टाकली आणि खण पायाने बंद केला.

"उठा," ती म्हणाली.

"कशाला?"

"घरात लाइनमन असताना विकतची केबल लावली तर चार लोक हसतील. आठ तारा काढा."

बाबांनी एक डोळा उघडला. "आणि झाली नाही वेळेत तर?"

"तर पोरी काचवाल्याकडे जातील आणि मी तुम्हाला तिकडे बूट पुसायला पाठवेन."

"बापाला बोलते बघा," ते भिंगरीला म्हणाले, पण उठले. गुडघे कुरकुरले. जमिनीवर चटई पसरली. कात्री, प्लग दाबायची पकड, प्लगची डबी, सगळं त्यांनी ओळीत मांडलं, ऑपरेशनला मांडतात तसं.

पहिलं टोक कापलं. साल दोन बोटं सोलली. आत चार वेण्या, आठ तारा. वेण्या सोडवून त्यांनी एक एक तार अंगठ्याच्या नखावर ओढून सरळ केली. थरथर असूनही हे काम बोटांना येत होतं, बोटं त्यांना विचारत नव्हती. मग ते थांबले.

"रंग?" ती हळूच म्हणाली.

"केशरी कळतो. निळा कळतो. पण हे पांढऱ्यावर पट्टे आहेत ना, ते सगळे एकच दिसतात मला आता." त्यांनी हे नेहमीच्याच आवाजात सांगितलं, आज जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं. "सकाळी म्हणूनच पिळावरून ओळखू येणाऱ्या दोनच जोड्या धरल्या असतील, कोण जाणे. सवय होती म्हणालो, पण डोळेही असतील."

ती काही बोलणार, तेवढ्यात भिंगरी चटईवर येऊन बसलीसुद्धा. "मला येतात सगळे रंग! बाईंनी मला दोन चांदण्या दिल्यात."

"मग सांग. आधी कोणती? पांढरी, तिच्यावर केशरी रेघ."

"ही!"

"मग नुसती केशरी."

"ही. मग?"

"पांढरी, हिरवी रेघ. मग निळी. मग पांढरी, निळी रेघ."

"मग हिरवी?" भिंगरी म्हणाली.

बाबा चमकले. "तुला कसं कळलं?"

"राहिलीच ती बिचारी मधे," भिंगरी म्हणाली. "आणि मग तपकिरीवाल्या दोघी शेवटी. त्या मैत्रिणी आहेत."

बाबा एवढे हसले की धरलेल्या आठही तारा सुटल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं. पण लागलं. टोकं एका रेषेत कापली, प्लगची जीभ खाली धरून आत सरकवली. आठही तारा प्लगच्या पुढच्या भिंतीला जाऊन टेकल्या, त्या भिंगरीने मोजल्या. मग पकडीत धरून बाबांनी दाबलं. कडक्! त्यांच्या चेहऱ्यावर खांबावरचा माणूस परत आला.

दुसऱ्या टोकाला मात्र गाडी अडली. तारा लागल्या, रंग बरोबर, पण पकड दाबताना अंगठा मध्येच सुटला आणि प्लग अर्धवट दाबला गेला. फुकट गेला. दुसरा घेतला. तोही. तारा दर वेळी कापून आखूड होत होत्या. सव्वादोन झाले. मग अडीच. तिने घड्याळ बघायचं सोडून दिलं, कारण बघितलेलं बाबांना दिसत होतं.

तिसरा प्लग हातात घेऊन ते थांबले. मग तो त्यांनी तिच्याकडे दिला. पकडही दिली, मुठीकडून, कात्री देतात तशी.

"तू कर."

"बाबा, होईल तुमच्याकडून."

"होईल, पण उद्या. तुला आज पाहिजे." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ऑफिसात शिकलीस की नाही? की नुसते फोनच उचललेस?"

ती खाली बसली. भिंगरीने रंग सांगितले, आता न विचारता, गाण्यासारखे. बाबांनी केबल घट्ट धरली, तिने तारा ओळीत दाबून धरल्या. त्यांनी तिची बोटं थोडी पुढे सरकवली. लहानपणी पेन्सिल धरायला शिकवताना सरकवायचे तशीच. तिने प्लग चढवला, पकडीत घातला आणि पूर्ण जोर लावला.

कडक्.

तिने खणातून टेस्टर काढला, सरळ त्यांच्यासमोर. आज पोलिस चौकशीचं कोणी काढलं नाही. दोन टोकं दोन डब्यांत बसवली. पहिला दिवा लागला, दुसरा, तिसरा. भिंगरी ओरडून मोजत होती. चौथा लागला तेव्हा बाबा पुढे झुकले. पाचवा, सहावा, सातवा.

"आठ!" भिंगरी किंचाळली. "आठ आठ आठ!"

टक्. टक्. जुन्याचं बटण दाबून बीप केलं. यादी आली, तिन्ही खेळ धरले. अंदाज उमटला. बाबांना वाचता यावं म्हणून ती बाजूला झाली, पण त्यांनी तिलाच वाचायला लावलं.

"शेहेचाळीस मिनिटं," तिने वाचलं.

"परत वाच."

"शेहेचाळीस मिनिटं, बाबा."

तीनला पाच कमी होते. बाबा आरामखुर्चीत जाऊन बसले ते पेंगायला नाही. ते पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना बघत राहिले, एखाद्याने स्वतः बांधलेल्या पुलावरून पहिली गाडी जाताना बघावं तसे. मध्येच म्हणाले, "चार तासांचं काम. पाऊण तासात." थोड्या वेळाने पुन्हा तेच.

चारला पाच कमी असताना कप्तान दारात हजर झाली, मागे सात जणी. दोन्ही टीव्ही चालू, दोन्हींवर तोच खेळ उघडलेला. कप्तानने डोळे बारीक करून नव्याकडे बघितलं. "ताई! कालपर्यंत रिकामा होता. दोन दिवस लागतील म्हणाला होता माझा दादा."

"नेटवरून लागले असते. आम्ही केबलने नेले. याच्यातून त्याच्यात."

"केबल कुठची? मस्त आहे. मला पण पाहिजे."

"मिळत नाही दुकानात," बाबा म्हणाले. त्यांनी आरामखुर्चीतून हात वर केला, आधी स्वतःकडे बोट केलं, मग लेकीकडे. "एक टोक माझं. एक हिचं. आणि रंग त्या मोठ्या बाईंचे." भिंगरीने फ्रॉक झटकून नमस्कार घातला. मुली हसल्या आणि दोन्ही बाकड्यांवर तुटून पडल्या. पाचव्या मिनिटाला खोलीत एवढा ओरडा सुरू झाला की शेजारच्या काकूंनी खिडकी लावली.

तिने भिंतीला टेकून बघितलं. दोन टीव्ही, आठ मुली. एकही नखं खात बसलेली नाही. तिला हसू आवरता आवरेना. काचवाल्याने आता यावं, चपला काढून.

केबल अजून दोन्ही कन्सोलच्या मध्ये तशीच होती. भिंगरी तिच्याशेजारी उकिडवी बसून दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत होती, कपाळाला आठी घालून.

"आई, खेळ याच्यातून त्याच्यात गेले ना?"

"गेले."

"पण याच्यातही आहेत अजून."

"हो. केबलने नुसती नक्कल जाते, राणी. इथलं इथेच राहतं. काहीही कमी होत नाही."

भिंगरीने मान डोलावली. मग आरामखुर्चीकडे बघितलं. बाबा मुलींच्या गोलावर टाळ्या वाजवत होते आणि टाळी वाजवून झाल्यावरही एक अंगठा आपला आपणच हलत होता.

"मग वायर दाबायचं आजोबांकडून तुझ्याकडे आलं," भिंगरी म्हणाली, "तर आजोबांकडचं का कमी झालं?"